न विचारलेली किंमत: पहिल्या भेटीचा एक प्रसंग, तीन मसुदे

रेवती, वय 43, घरातली दुर्बीण विकते आहे. माधव, वय 47, ती बघायला येतो. दोघं फोनवर एकदाच बोलले आहेत. तेव्हा माधव म्हणाला होता की त्याच्याकडे अर्धा तास आहे. रेवतीने सांगितलं होतं की सहा वाजता दुसरे एक जण बघायला येणार आहेत, आणि किंमत भेटल्यावर ठरवू. दुर्बीण नऊ वर्षांपूर्वीची, तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून घेतलेली. नवरा आता तिच्याबरोबर राहत नाही.

अभ्यासाला घेतलेला प्रसंग एवढाच आहे. एक खोली, साधारण पाऊण तास, लिहून बाराशे शब्दांच्या आसपास. भेट संपेपर्यंत वाचकाला कळायला हवं की ही दोघं एकमेकांकडे ओढली गेली आहेत, आणि तसं सांगणारं एकही वाक्य दोघांपैकी कोणाच्या तोंडी किंवा निवेदकाच्या तोंडी येता कामा नये. तीन मसुद्यांनंतर तो जमला. पहिले दोन का फसले ते आधी बघू, कारण ते दोन्ही फसणं नेहमीचं आहे.

पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती:

रेवतीने दार उघडलं आणि क्षणभर दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले.
"दुर्बीण बघायला आलोय."
"या ना. ही माझ्या नवऱ्याची. म्हणजे, आता आम्ही वेगळे राहतो. तीन वर्षं झाली."
"अच्छा. माझंही तसंच काहीसं आहे."
त्याच्या आवाजात काहीतरी होतं. तिला वाटलं, हा माणूस आपल्याला समजू शकेल.
"किंमत किती म्हणालात?"

इथे सहा ओळींत सगळा साठा संपला आहे. नवऱ्याची गोष्ट सांगून झाली, समदुःख जुळवून झालं, ओढ निवेदकाने स्वतः जाहीर केली आणि किंमतही विचारून झाली. पुढच्या अकराशे शब्दांत टाळण्यासारखं काही शिल्लकच नाही. म्हणून हा मसुदा पुढे नुसता गप्पांचा झाला. "क्षणभर पाहत राहिले" आणि "आवाजात काहीतरी होतं" ही वाक्यं लेखकाने दिलेली प्रशस्तिपत्रं आहेत. "काहीतरी" म्हणजे काय हे लेखकाला माहीत नसतं तेव्हाच तो शब्द येतो. अशा जागी थांबून स्वतःला विचारावं: आवाज चढला, की वाक्य अर्धवट सुटलं, की तो भलत्याच प्रश्नाला उत्तर देत होता? उत्तर मिळालं तर ते लिहावं. नाही मिळालं तर ओळ कापावी.

माधवचं "माझंही तसंच काहीसं" ही दुसरी चूक, आणि ती जास्त खोलवरची आहे. दोघांनाही एकसारखी जुनी जखम दिली की भेटीचं रूप जखमांच्या देवाणघेवाणीचं होतं. एकीकडे दुखरी जागा असावी आणि दुसरीकडे नुसती थांबण्याची इच्छा, म्हणजे दोघं टाळतात त्या गोष्टींचं वजन वेगळं राहतं आणि वाचकाला त्यांना वेगवेगळं ओळखता येतं. तिसऱ्या मसुद्यात माधवचा भूतकाळ पूर्ण काढून टाकला. त्याच्याकडे लपवायला एकच गोष्ट उरली: दुर्बीण बघून झाली आहे, तरी त्याला निघायचं नाही.

दुसरा मसुदा उलट्या टोकाला गेला. न बोलण्यातून दाखवायचं ठरल्यामुळे दोघं बोलेचनात. "काही नाही…", "असंच…", "तुम्ही…" अशी तीन टिंबं पानापानावर. नजर वळवणं, खिडकीबाहेर बघणं, लांब शांतता. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की दोघं अस्वस्थ आहेत, कशामुळे ते कळत नाही. याचं कारण साधं आहे. टाळलेली गोष्ट काय आहे हे वाचकाला आधी माहीत नसेल, तर टाळणं दिसत नाही, नुसतं अडखळणं दिसतं. म्हणून टाळलेल्या प्रत्येक गोष्टीला प्रसंगात तीन जागा लागतात. आधी ती वाचकाच्या हाती पडते, वहीतून, फोनमधून, एखाद्या निसटलेल्या शब्दातून. मग बोलणं तिच्या इतकं जवळ येतं की पुढचं वाक्य तेच असायला हवं. आणि मग त्या जागी दुसरं वाक्य येतं. मधली पायरी सुटली, की वळण घेतलेलं कोणाला कळतच नाही. दुसऱ्या मसुद्यात पहिली आणि मधली, दोन्ही सुटल्या होत्या.

एवढं करूनही फक्त संकोच तयार होतो. लाजाळू माणसंही टाळतात, घाबरलेली माणसंही टाळतात. ओढ दिसायला आणखी एक गोष्ट लागते: समोरच्याने काय टाळलं हे दुसऱ्याला कळतं आणि तो त्याला हात लावत नाही. दोन अनोळखी माणसांमधली जवळीक त्या न लावलेल्या हातात असते. शिवाय दोघं जे टाळतात त्यात एक वाक्य असं हवं की ते उच्चारलं तर भेट संपेल. इथे ते वाक्य आहे किंमत. किंमत विचारली की सौदा ठरतो किंवा मोडतो, आणि दोन्ही बाजूंनी माधवला निघावं लागतं. पहिल्या मसुद्यात ते सहाव्या ओळीत होतं. तिसऱ्यात ते कुठेच नाही.

लिहायला बसण्यापूर्वी दोन निर्णय घेतले. पहिला, निवेदन कोणाच्या बाजूने. ज्याचं गुपित लहान, त्याच्या डोक्यात वाचकाला बसवावं. रेवतीच्या मनात शिरलो असतो तर निवेदकाला नवऱ्याची आठवण सांगावी लागली असती, किंवा ती मुद्दाम झाकावी लागली असती. दुसऱ्या प्रकाराला वाचक फसवणूक समजतो, आणि ते बरोबरच आहे. माधवच्या बाजूने लिहिलं की तिची गोष्ट त्याच्याबरोबर तुकड्या-तुकड्याने कळते.

दुसरा निर्णय, हाताला काम कोणतं. न बोललेलं झाकायला काम लागतं, आणि ते काम लेखकाला खरंच माहीत असावं लागतं. ही आठ इंची परावर्ती दुर्बीण आहे: तळाशी 200 मिलिमीटर व्यासाचा आरसा, साधारण सव्वा मीटरची नळी, खाली फिरणारी लाकडी पेटी. नळीच्या पुढच्या टोकाशी बाजूला डोळा लावायची नेत्रिका बसते आणि आरसा सरळ करायचे तीन स्क्रू मागच्या टोकाला असतात. बघणाऱ्याला ठिपका कड्याच्या बरोबर मध्ये दिसला की आरसा सरळ. एका माणसाने नेत्रिकेच्या जागेतून बघत मागचे स्क्रू फिरवायचे तर हात पुरत नाही. हे काम दोघांनी सोपं होतं, आणि करताना दोघांना एकमेकांचे चेहरे नीट दिसत नाहीत. या प्रसंगाला याहून चांगली व्यवस्था मिळाली नसती, आणि ती कल्पनेतून आली नाही, वस्तूच्या रचनेतून आली. चहाचे कप किंवा पावसात थांबणं यांत असं काही सापडत नाही.

तिसऱ्या मसुद्याचा पहिला तुकडा:

"किती वर्षांची आहे?"
"नऊ. आम्ही गच्चीवर न्यायचो." रेवती नळीचं झाकण काढायला वाकली. "न्यायला जड नाही. नळी वेगळी होते, पेटी वेगळी."
माधवने पेटीच्या कडेला हात लावून पाहिला. "दोन खेपांत जाते मग."
"हो. एकट्यानेही नेता येते."

इथे सगळं काम "आम्ही" या शब्दाने केलं आहे. मराठीत "आपण" म्हटलं तर ऐकणारा त्यात येतो, "आम्ही" म्हटलं की तो बाहेर राहतो आणि दुसरं कोणीतरी आत असतं. कोण, हे वाक्य सांगत नाही. दुसरा मसुदा तीन टिंबांनी जे करू बघत होता ते हा एक शब्द करतो. त्याच्या पुढच्याच वाक्यातून रेवती माणसंच काढून टाकते: नळी वेगळी होते, न्यायला जड नाही. कर्ता नसलेली वाक्यं आपण रोज बोलतो, म्हणून ती खोटी वाटत नाहीत, पण "आम्ही"च्या लगेच नंतर आली की माघार दिसते. शेवटी "एकट्यानेही". तिने "एकटीनेही" म्हटलं असतं तर ती कबुली झाली असती. "एकट्याने" हे कोणाबद्दलही असू शकतं, आणि माधव "तुम्ही एकट्या नेता?" असं विचारत नाही. त्याआधीचं त्याचं "दोन खेपांत जाते" हे उत्तरही पेटीबद्दलच आहे.

पुढे डब्यात नेत्रिका बघताना:

डब्यात एक वहीही होती. तारखा, वेळा, कोणता ग्रह, हवा कशी होती. एका पानावर दोन हस्ताक्षरं, एकाखाली एक. शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची. माधवने वही मिटली.
"पंचवीसची आणि दहाची," तो म्हणाला. "काचा स्वच्छ आहेत."
"वही हवी असेल तर—"
"नाही. नेत्रिका पुरतात."
रेवतीने डबा बंद केला. वही बाहेर राहिली.

वाचकाला नवऱ्याबद्दल जे कळायचं ते या पाच-सहा ओळींत कळतं आणि पुन्हा त्याचा उल्लेख येत नाही. "वेगळे राहतो" हे शब्द संपूर्ण प्रसंगात नाहीत. जी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती "नेत्रिका पुरतात". माधवने दोन हस्ताक्षरं पाहिली आहेत. तो वही तिच्याकडे राहू देतो आहे, आणि तसं करताना बोलतो फक्त वस्तूंच्या हिशेबाचं. आधीच्या एका प्रतीत इथे "वही तुमच्याकडेच असू दे" असं होतं. सभ्य वाक्य आहे, पण त्यात तो तिला दाखवून देतो की मला कळलं. त्यावर तिला आभार मानावे लागतात आणि झाकलेलं उघडं पडतं. समजूतदारपणाचं प्रदर्शन झालं की समजूतदारपणा संपतो. खरेदीदाराच्या तोंडी शोभेल असंच वाक्य ठेवलं, म्हणून ते दोन्हीकडे लागू पडतं.

मग स्क्रूंचं काम:

"आरसा सरळ आहे का बघायला दोघं लागतात. एकाने इथून बघायचं, एकाने मागचे स्क्रू फिरवायचे."
रेवती नळीच्या मागे जाऊन बसली. तिचा चेहरा आता दिसत नव्हता. "कुठला?"
"वरचा. अगदी थोडा."
"असा?"
"उलट. हं. थांबायचं."
ठिपका कड्याच्या बरोबर मध्ये आला होता.
"जमलं?"
"अजून जरासा."
तिने फिरवला. ठिपका कड्याबाहेर गेला. माधवने तो परत आणायला सांगितलं.
"हा मघाशी इथेच होता," नळीच्या मागून ती म्हणाली.
"हो."
थोडा वेळ मागून काही आवाज आला नाही. मग, "पुढचा कुठला?"
टेबलावर फोन वाजला. सहाला पाच कमी होती. ती उठली, नाव बघितलं, फोन पालथा ठेवला आणि परत येऊन बसली.
"एकूण किती आहेत स्क्रू?"
"तीन."
"मग अजून दोन राहिले."

जमलेला आरसा माधव मुद्दाम बिघडवतो. त्याला निघायचं नाही, हे वाचकाला इथे वाक्यातून नाही, ठिपक्यातून कळतं. रेवतीच्या बोटांना स्क्रू पुढे जाऊन मागे आलेला कळला आहे, आणि ती ते बोलून दाखवते. बोलणं टाळलेल्या गोष्टीच्या अगदी काठावर येतं. त्यावर "हो" एवढंच उत्तर आहे. स्पष्टीकरण दिलं असतं, "परत तपासावं लागतं" वगैरे, तर तो थापाड्या ठरला असता. नुसतं "हो" म्हणजे तो पकडला गेल्याचं मान्य करतो. आणि तिचं "पुढचा कुठला?" म्हणजे तिने पकडलेलं सोडून दिलं.

मग पाळी उलटते. फोन कोणाचा ते माधवला माहीत आहे, वाचकाला माहीत आहे. तिने तो पालथा ठेवल्यावर विचारायचं नाही ही आता माधवची पाळी. एकाने टाळायचं आणि दुसऱ्याने सांभाळून घ्यायचं, हे दोन्ही बाजूंनी एकेकदा झालं की प्रसंग बरोबरीचा होतो. तीनच वेळा टाळणं आहे: वही, स्क्रू, फोन. चौथं घालून बघितलं होतं, भिंतीवरच्या फोटोची रिकामी जागा. ते काढलं, कारण वही जे करते तेच ते करत होतं, आणि वाचकाला दुसऱ्यांदा कोपर मारल्यासारखं वाटत होतं. चुकून बोटं लागणंही असंच काढलं. दोघांमध्ये सव्वा मीटरची नळी ठेवल्यावर स्पर्शाची गरज उरत नाही.

"थांबायचं" या शब्दावर बराच वेळ गेला. पहिल्या भेटीत हे दोघं एकमेकांना "तुम्ही" म्हणणार, यात शंका नाही. एका प्रतीत माधव घाईत "थांब!" म्हणून जातो आणि मग दोघं गप्प होतात. वाचताना तो लेखकाचा हात वाटला. चाळिशी ओलांडलेला माणूस अनोळखी बाईला पाऊण तासात तू-कार करणार नाही, आणि केलाच तर त्यावर प्रतिक्रिया द्यावी लागते, म्हणजे पुन्हा उघड बोलणं. मराठीत तिसरी वाट आहे. थांबायचं, बघायचं, फिरवायचं: या रूपांत तूही नाही आणि तुम्हीही नाही. प्रसंगाच्या सुरुवातीला "या", "बघा" अशी रूपं आहेत, मध्यापासून ती कमी होत जातात आणि क्रियापदं माणसाशिवाय उरतात. बहुतेक वाचकांच्या ते लक्षात येणार नाही, पण दोघं "तुम्ही"पासून हळूहळू दूर सरकताहेत हे कानाला जाणवतं.

मसुदा तपासायला तीन वाचनं केली. पहिल्यात फक्त संवाद मोठ्याने वाचले. दाराबाहेर उभ्या माणसाला ते ऐकून दुर्बिणीच्या खरेदीपलीकडे काही कळता कामा नये. दुसऱ्यात फक्त कृती वाचल्या: वही मिटली, ठिपका बाहेर गेला, फोन पालथा ठेवला. त्याही एकट्याने पुऱ्या पडता कामा नयेत. तिसरं वाचन सर्वांत कडक. माधवच्या जागी सत्तरीचे एक आजोबा कल्पून तोच प्रसंग वाचायचा. काही न बदलता तो तसाच उभा राहिला, तर त्यात ओढ नव्हती, नुसतं सौजन्य होतं. वहीचा तुकडा आजोबांनाही चालतो. स्क्रूचा मात्र चालत नाही, कारण जमलेलं बिघडवायचं त्यांना कारणच नाही. म्हणून प्रसंगाचा कणा स्क्रू आहे, वही नव्हे, आणि त्याला जास्त जागा दिली.

ही पद्धत सगळीकडे लागू होत नाही. दोघांनाही केव्हाही उठून जाता येत असेल तरच न बोलणं मोकळं वाटतं. एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी, उपचार किंवा निकाल असेल, तर तेच मौन भीतीचं होतं. तसंच समोरच्याला जे कळायला हवं ते टाळलं, उदाहरणार्थ माधवचं चालू लग्न, तर वाचक पुढच्या पानावर ते शोधून काढतो आणि या भेटीतली प्रत्येक ओळ त्याला फसवी वाटायला लागते. इथे टाळलेल्या गोष्टी कोणाचं नुकसान करत नाहीत. फार तर दुसऱ्या खरेदीदाराची एक खेप वाया जाते.

राहिला शेवट. भेट परत होण्याची वाट ठेवायची होती, आणि ते निमित्त खरं असणं गरजेचं होतं. सुदैवाने आहे. दिवसा खुणेवर आरसा सरळ केला तरी पक्की खात्री ताऱ्याकडे रोखूनच होते:

"एवढ्यावर नक्की सांगता येत नाही. ताऱ्यावर बघावं लागतं."
रेवती खिडकीपाशी गेली. "आज ढग आहेत."
"हो."
"उघडलं की कळवते."

हौशी निरीक्षकही हेच सांगेल, म्हणून माधवला इथे खोटं बोलावं लागत नाही. निमित्त बनावट असतं तर दोघंही ते ओळखून एकमेकांकडे बघून हसले असते आणि सगळं उघड झालं असतं.

शेवटच्या ओळीला तीन पर्याय होते. "अरे, किंमतीचं राहिलंच," असं रेवती हसून म्हणते. यात ती वाचकाला डोळा मारते. "किंमत दोघांपैकी कोणीच विचारली नव्हती," असं निवेदक सांगतो. वाचकाने स्वतः शोधायचं ते इथे हातात ठेवलं जातं. शेवटी हे ठेवलं:

"झाकण लावायचं राहिलं," दारातून माधव म्हणाला.
"राहू दे," ती म्हणाली.

अनोळखी माणसाशी बोलताना तिने "राहू द्या" म्हणायला हवं. "राहू दे" हे आपण स्वतःशी पुटपुटतो तसंही ऐकू येतं, आणि व्याकरणाने तो तू-कारही आहे. दोन्हींपैकी कोणता, ते माधव विचारत नाही.